मदत हवी आहे: ‘येणाऱ्या’ऐवजी ‘येणार्या’ उमटतंय, फॉन्ट बदलू का?

तळमजला
विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. मराठी भाषा घालून ‘Marathi Phonetic’ कीबोर्ड घेतला, Win + Space ने बदलतो. बाकी झकास, पण yenarya लिहिलं की ‘येणार्या’ येतं. सोसायटीच्या सभेची नोटीस आहे, वर्डमध्ये चार फॉन्ट लावून पाहिले, फरक शून्य. शिवाय झेरॉक्सवाल्याकडे ‘ॲडव्हान्स’मधल्या ॲ च्या जागी चौकोन आला. काय करू?

खडूफळा
फॉन्टचा दोष नाही. Find-Replace उघडा, ‘र्य’ च्या जागी ‘ऱ्य’, Replace All. दोन मिनिटांचं काम.

जुळारी
थांबा! तसं केलंत तर ‘कार्यालय’चं ‘काऱ्यालय’ होईल आणि कार्यकारिणीचीही तीच गत. फॉन्टचा दोष नाही हे मात्र बरोबर. दर्या आणि दऱ्या यांत र च वेगळा आहे: पहिल्यात साधा र, दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ. साधा र पडला की रफार वर चढणारच, फॉन्ट कुठलाही लावा.

फोनेटिकमध्ये शब्द लिहिल्यावर खाली पर्यायांची यादी येते, स्पेस दाबायच्या आधी तिच्यात ‘येणाऱ्या’ आहे का बघा. नसेल तर त्याच भाषेखाली इन्स्क्रिप्ट कीबोर्डही घाला. त्यात Shift+J ने ऱ, मग d ने हलन्त, / ने य आणि e ने काना. एवढ्यापुरतं पाठ होतं. लिहून झालेल्या मजकुरात ‘णार्या’ शोधून ‘णाऱ्या’ करा, ‘दुसर्या’सारखे शब्द एकेक बघून.

चौकोनाची गोष्ट निराळी. तिथे अक्षर बरोबर आहे, फॉन्टात त्याचं चित्र नाही. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टात ते कुठून असणार? दुकानात वर्डची फाइल नेऊ नका, घरूनच PDF करून न्या. फॉन्ट तिच्यातच जातो.

आजोळ
माझंही हेच! वडिलांच्या जुन्या फाइली उघडल्या की सगळी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. निर्मला फॉन्ट लावला तरी तसंच.

जुळारी
हेच नाही हो. त्या श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टातल्या असणार. तिथे खरोखरच इंग्रजी अक्षरं साठवलेली आहेत, फक्त चित्रं मराठी. आधी फाइलमधल्या फॉन्टचं नाव बघा, मग त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर लागेल. जोडाक्षरं तरीही हाताने तपासावी लागतात.

खडूफळा
काऱ्यालय! मान्य. पण इन्स्क्रिप्ट या वयात कोण शिकणार, मी आपला बरोबर शब्द कॉपी-पेस्ट करतो.

तळमजला
यादीत तिसऱ्या नंबरावर ‘येणाऱ्या’ सापडलं. पण ‘सदऱ्यांचा’ काही केल्या येईना, Shift+J नेच घातलं. PDF ठीक निघाली. एकच राहिलं: मोबाइलवर तिच्यातला ल हिंदी वळणाचा दिसतोय, श सुद्धा. हे कुठून बदलतात?