मदत हवी आहे: रॅम्पचा उतार मापाने बरोबर आहे, तरी रेंडरमध्ये तो वापरण्याजोगा का वाटत नाही?

आराखडा
एका लहान सार्वजनिक इमारतीच्या प्रवेशद्वाराचे दृश्य मी ब्लेंडरमध्ये तयार करत आहे. जोत्याची उंची ६०० मिमी आहे आणि दर्शनी भिंतीला लागून ८ मीटर लांबीची मोकळी जागा मिळते. तिच्यात १:१२ उताराचा, ३.६ मीटरच्या दोन धावांचा, मधल्या १.५ मीटरच्या लँडिंगवर उलटा वळणारा रॅम्प बसवला आहे. प्रत्येक धावेत ३०० मिमी चढ आहे. रुंदी १.२ मीटर असून दोन धावांमध्ये २०० मिमी फट ठेवली आहे. वर दारासमोर १.५ मीटर चौरस लँडिंग आहे आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला चार पायऱ्या आहेत.

ही मापे मी पुन्हा तपासली आहेत. असे असूनही ज्यांच्यासाठी हे काम चालू आहे त्यांनी चित्र पाहताच सांगितले, की हा रॅम्प शोभेसाठी जोडल्यासारखा दिसतो आणि यावरून कोणी वर जाईल असे वाटत नाही. कॅमेरा रॅम्पच्या पायथ्याशी, पहिल्या धावेच्या अगदी समोर आहे आणि लेन्स २० मिमी आहे. कठड्यासाठी तयार मॉडेल घेऊन ते रॅम्पच्या उताराइतके फिरवून बसवले आहे. चित्राची मांडणी, प्रकाश आणि साहित्य यांत नेमके काय बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गाळा
मालाच्या ट्रॉल्यांसाठी आम्ही १:८ चा रॅम्प वापरतो आणि दोन माणसे भरलेली ट्रॉली सहज वर ढकलतात. तुम्हीही १:८ घेतल्यास ६०० मिमीसाठी ४.८ मीटरमध्ये काम होईल आणि वळण घेण्याची गरजच उरणार नाही. जागा वाचेल आणि चित्रही सुटसुटीत दिसेल.

आराखडा
आभारी आहे, परंतु हा रॅम्प मालासाठी नसून माणसांच्या प्रवेशासाठी आहे. व्हीलचेअरवरील व्यक्तीला तो कोणाच्याही मदतीशिवाय चढता आला पाहिजे, म्हणून १:१२ पेक्षा तीव्र उतार मला घ्यायचा नाही.

तिरपी चौकट
दोष कॅमेऱ्याचा आहे. २० मिमी लेन्समुळे जवळचे टोक अवाढव्य आणि दूरचे टोक चिमुकले दिसते, त्यामुळे रॅम्प घसरगुंडीसारखा वाटतो. ३५ ते ५० मिमीच्या दरम्यानची लेन्स घ्या, कॅमेरा मागे न्या आणि तो वरखाली न झुकवता उभ्या रेषा उभ्याच ठेवा. उताराचा कोन ८.३३ अंश भरतो आहे ना, तेवढे एकदा पाहून घ्या. बाकी काही बदलण्याची आवश्यकता मला दिसत नाही.

मोजपट्टी
लेन्सबद्दलचा सल्ला योग्य आहे, पण कोनाचा आकडा कृपया तसाच घेऊ नका. १:१२ म्हणजे ८.३३ टक्के, आणि टक्के म्हणजे अंश नव्हेत. १:१२ चा कोन सुमारे ४.७६ अंश भरतो; ८.३३ अंशांचा उतार जवळजवळ १:७ होतो आणि तो स्वतः चाके ढकलत चढणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. ही गल्लत मॉडेलमध्ये आहे की नाही हे ओळखायला सोपे आहे: ६०० मिमी चढासाठी धावांची एकूण आडवी लांबी ७.२ मीटर भरली पाहिजे, आणि ती चार मीटरच्या आसपास येत असेल तर टक्क्यांच्या जागी अंश भरले गेले आहेत. मूळ प्रश्नातील मापे या कसोटीवर उतरतात.

माझ्या मते खरी अडचण 'फिरवून बसवले आहे' या तीन शब्दांत आहे. कठडा आख्खा ४.७६ अंशांत फिरवला की त्याचे खांबही तेवढेच कलतात, आणि ९०० मिमी उंचीवर प्रत्येक खांबाचे डोके ओळंब्यापासून सुमारे ७५ मिमी सरकते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, परंतु दाराची चौकट ओळंब्यात आणि खांब कललेले असे एकत्र दिसले की सगळे बांधकाम खोटे वाटू लागते. खांब उभेच असले पाहिजेत आणि फक्त हाताने धरायची नळी उतारासोबत गेली पाहिजे. त्यासाठी एक उभा खांब घेऊन त्यावर Array लावा, Relative Offset बंद करा आणि Constant Offset मध्ये ही मूल्ये भरा:

```
Count: 4
X: 1.2 m
Y: 0 m
Z: 0.1 m
```

१.२ मीटरला १०० मिमी म्हणजे १:१२ च झाले, आणि चार खांबांच्या तीन गाळ्यांत ३.६ मीटरची एक धाव नेमकी बसते. दुसरी धाव उलट दिशेला चढते, म्हणून तिथे X चे मूल्य उणे घ्यावे लागेल. रॅम्पचा ठोकळाही फिरवून करू नका. बाजूने दिसणारा त्रिकोण काढून तो रुंदीत ताणा, म्हणजे त्याच्या बाजूच्या भिंती ओळंब्यात राहतील.

नळीची टोके हा त्यापुढचा मुद्दा आहे. तुमची नळी उतार संपतो तिथेच कापल्यासारखी थांबत असणार, कारण तयार मॉडेलमध्ये बहुधा तसेच असते. प्रत्यक्षात ती पहिल्या धावेच्या पायथ्याशी आणि वरच्या लँडिंगवर निदान ३०० मिमी आडवी पुढे जाते आणि मग भिंतीकडे किंवा खाली वळवून बंद केली जाते, जेणेकरून उतार सुरू होण्यापूर्वी हाताला आधार सापडावा आणि उघडे टोक कोणाच्या बाहीत अडकू नये. वळणाच्या आतल्या बाजूला मात्र नळी तोडायची नसते. लँडिंग सपाट असल्यामुळे दोन्ही धावांच्या आतल्या नळ्या तिथे एकाच उंचीवर येतात, त्या २०० मिमीच्या फटीभोवती आडव्या वळवून जोडता येतात आणि चढणाऱ्याचा हात कुठेही सुटत नाही. माझ्या अनुभवात या एका वळणामुळे चित्र जितके खरे वाटते तितके कोणत्याही टेक्स्चरमुळे वाटत नाही.

आराखडा
खांब आपण सांगितल्याप्रमाणे नव्याने बसवले आणि फरक ताबडतोब जाणवला. लेन्सही ३५ मिमी केली. तरीही समोरून पाहताना मधले लँडिंग आहे हे कळतच नाही, सगळे एकच सलग चढण वाटते.

मोजपट्टी
समोरून ते कळणारही नाही. लांबी नजरेच्या दिशेने आक्रसते आणि सौम्य उतारही उभा वाटतो. कॅमेरा बाजूला, धावेशी साधारण काटकोनापासून थोडा कमी कोनात घ्या आणि डोळ्याची उंची बसलेल्या माणसाइतकी, म्हणजे १.२ मीटरच्या आसपास ठेवा. परंतु १:१२ इतका मंद उतार बाजूनेही तेव्हाच वाचता येतो, जेव्हा त्याच्याजवळ एखादी खरोखर आडवी रेघ असते. रॅम्पच्या बाहेरच्या भिंतीला विटांचे ७५ मिमीचे थर दिले तर प्रत्येक धाव नेमके चार थर चढताना दिसेल आणि लँडिंगपाशी रॅम्पची कड थरांना समांतर होईल. हे थर उतारासोबत तिरपे जाऊ देऊ नका. टेक्स्चर ठोकळ्याला आपोआप चिकटवले की ते तसे जाऊ शकतात, आणि मग विटाच घसरताना दिसतात.

पृष्ठभागाविषयी एवढेच सांगतो, की काँक्रीटवरील झाडूच्या रेघा जाण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात आणि Roughness ०.७ च्या वर ठेवावा, कारण चकाकणारा उतार ओला आणि निसरडा वाटतो. लँडिंगवर त्याच साहित्याची पोत बदलली, तर सपाट भाग कुठे सुरू होतो हे सावलीवाचूनही कळते.

चाकांवर
मी रोज व्हीलचेअर वापरते, त्यामुळे माझी नजर दुसऱ्या दोन ठिकाणी जाते. पहिले ठिकाण म्हणजे रॅम्पचा पायथा. चित्रात रॅम्प आणि फरसबंदी यांच्यामध्ये एक काळी रेघ दिसत असेल, तर तिथे उंचवटा आहे असे मी समजते. माझ्या खुर्चीची पुढची लहान चाके वीस मिलिमीटरच्या कडेवरही अडतात आणि वेग घेऊन येताना शरीर पुढे फेकले जाते. पायथा आणि फरशी यांची पातळी एक करून ती रेघ घालवावी.

दुसरे ठिकाण वरचे दार. १.५ मीटरच्या लँडिंगवर १ मीटरचे पाखे बाहेर उघडत असेल, तर दार ओढताना मला मागे सरकावे लागेल आणि माझी मागची चाके उतारावर जातील. एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने चाक धरून उतारावर थांबणे किती कठीण आहे, हे ज्यांनी केले नाही त्यांच्या लक्षात येत नाही. दाराच्या मुठीच्या बाजूलाही भिंतीपर्यंत साधारण अर्धा मीटर मोकळी जागा हवी, नाहीतर मुठीपर्यंत हातच पोहोचत नाही. माझ्या जवळच्या एका इमारतीत नेमक्या त्याच कोपऱ्यात मोठी कुंडी ठेवलेली आहे. कृपया आपल्या चित्रात सजावटीसाठी तिथे झाड ठेवू नका.

आणि चित्रात खुर्चीवरची व्यक्ती दाखवणार असाल, तर खुर्ची उताराइतकी कललेली आणि चारही चाके जमिनीला टेकलेली असू द्या. बहुतेक चित्रांत ती उतारावर सरळ ठेवतात आणि पुढची किंवा मागची चाके हवेत राहतात.

तिरपी चौकट
अंशांबाबतची दुरुस्ती मान्य आहे. मात्र दाराची अडचण रेंडरच्या कक्षेबाहेरची वाटते. दार बंद दाखवले की ती दिसणारच नाही.

मोजपट्टी
बंद दारावरही बिजागऱ्या आणि मूठ कोणत्या बाजूला आहेत ते दिसते, आणि जाणकार पाहणारा तेवढ्यावरून ते कुठे उघडेल हे ओळखतो. पाखे बाहेरच उघडायचे असेल, तर त्याच्या फिरण्यापलीकडे १.५ मीटर सपाट जागा उरेल असे लँडिंग घ्या.

आराखडा
पायथ्याशी खरोखरच काळी रेघ होती. फरशीचा थर रॅम्पच्या कडेवरून २० मिमी खाली राहिला होता, तो आता एका पातळीत आणला आहे. कुंडी नव्हती, पण त्याच जागी सूचनाफलक होता, तो हलवला.

दाराच्या बाबतीत मात्र जागा अपुरी पडते. दोन्ही लँडिंगसह रॅम्पची लांबी ६.६ मीटर आहे आणि पायऱ्यांच्या तीन पावठ्यांना ९०० मिमी लागतात, म्हणजे ८ मीटरपैकी ७.५ मीटर वापरले गेले. वरचे लँडिंग रॅम्पच्या दिशेने २.४ मीटर केले तर एकूण ८.४ मीटर होतात. भिंतीपासून पुढे वाढवावे तर पहिल्या धावेच्या पायथ्याची मोकळी जागाच बंद होते. पाखे आत उघडावे म्हटले तर गर्दीच्या इमारतीत आणीबाणीच्या वेळी दार बाहेर उघडणे आवश्यक ठरू शकते. सरकते स्वयंचलित दार हा उपाय दिसतो, परंतु तो निर्णय माझ्या हातात नाही. पायऱ्या या बाजूने काढून दुसरीकडे नेण्याचा पर्याय कोणी वापरला आहे का?

मोजपट्टी
पायऱ्या वरच्या लँडिंगच्या पुढच्या कडेला नेल्यास त्या रॅम्पच्या तोंडासमोरच उतरतील, त्यामुळे तो पर्याय मला पटत नाही. सरकत्या दाराचे आणि बाहेर उघडणाऱ्या दाराचे अशी दोन दृश्ये एकाच कॅमेऱ्यातून काढा आणि दुसऱ्यात पाखे उघडे ठेवून त्यासमोर खुर्ची ठेवा. मागची चाके कुठे येतात ते निर्णय घेणाऱ्यांना स्वतःच दिसेल.

चाकांवर
तसे करणार असाल, तर त्या दुसऱ्या दृश्यात खुर्चीवरील व्यक्तीचा एक हात मुठीवर आणि दुसरा चाकावर दाखवा. तयार मॉडेलमध्ये दोन्ही हात मांडीवर असतात, आणि तसे दाखवले तर अडचण कोणाच्याही ध्यानात येणार नाही.