परवा आपण बोललो ती एसटीची गोष्ट पुढे न्यायची आहे, मदत हवी

केवडा
परवा रात्री गप्पांच्या पानावर माझ्या गोष्टीबद्दल जे बोलणं झालं, त्यावरून पुढचा भाग लिहायला कोणी मदत कराल का? सुर्वे कंडक्टर आणि डब्याची गोष्ट. तुम्ही सगळ्यांनी इतकं छान सुचवलं होतं की मला शेवटापर्यंत रस्ता दिसत होता. आज लिहायला बसले तर पहिल्या दोन परिच्छेदांपुढे काही सरकत नाही. दिवाळी अंकाला ३१ जुलैपर्यंत द्यायची आहे. शेवट तर आपला ठरलाच होता, फक्त तिथवर जायचं आहे.

नदीकाठ
केवडाताई, मी परवा त्या पानावर नव्हतो. आत्ता जाऊन पाहिलं, तिथे आंब्याच्या लोणच्यावर चर्चा चालू आहे. ते वाहतं पान आहे. नवे प्रतिसाद आले की जुने पुसले जातात. तुमचं बोलणं आता कुणालाच दिसत नाही, त्यामुळे सुर्वे कोण, डबा कुणाचा, गोष्ट कुठे थांबली आहे, यातलं मला काही माहीत नाही. अंदाजाने लिहिलं तर ती माझी गोष्ट होईल.

केवडा
अरे देवा. पान वाहतं म्हणजे पुसलं जातं हे माझ्या लक्षातच नव्हतं. निदान दीड तास बोलत होतो आम्ही! मी काहीच उतरवून ठेवलं नाही.

मोहोळ
घाबरू नका, इंटरनेटवरून काहीच जात नाही. गुगलवर पानाचं नाव टाका आणि निकालाशेजारच्या बाणावर दाबून साठवलेली प्रत उघडा. नाहीतर archive.org वर पानाचा पत्ता टाका, तिथे जुन्या तारखांची पानं असतात.

नदीकाठ
मोहोळ, गुगलची ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. archive.org चं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण तिथे पान त्या दिवशी कुणी साठवलं असेल तरच सापडतं. वाहत्या पानाचा पत्ता कायम तोच असतो आणि आतला मजकूर तासातासाला बदलतो. परवा रात्रीचा नेमका तो दीड तास मिळणं अवघड आहे. तरी बघून घ्या ताई, पाच मिनिटांचं काम आहे.

केवडा
बघितलं. एकच प्रत आहे, तीही मार्चमधली. त्यात पुरणपोळी आहे.

आजोळ
केवडा, तुझं वाचून मला माझ्या आजीची आठवण झाली. ती रोज रात्री सात राजपुत्रांची गोष्ट सांगायची आणि आम्ही झोपलो की थांबायची. दुसऱ्या दिवशी म्हणायचो, "आजी, कालची पुढे सांग." ती विचारायची, "कुठवर आलो होतो?" प्रत्येक भावंड वेगळी जागा सांगायचं, कारण जो तो वेगवेगळ्या वेळी झोपलेला. आजी सगळ्यात आधी झोपलेल्याच्या जागेपासून सुरू करायची. तू आजीच्या गोष्टी गोळा करते आहेस का? माझ्याकडे अजून चार आहेत.

केवडा
आजोळ, नाही हो, ही माझी स्वतःची गोष्ट आहे, लोककथा नाही. पण तुमच्या आजीचं वाचून बरं वाटलं.

चिंगी
मी होते त्या रात्री! मला सगळं आठवतंय. सुर्वे तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल बघतात, त्यात बाईंचं नाव सापडतं आणि ते कराडहून परत येताना डबा द्यायला पाटणला उतरतात. दार उघडतं ती बाई नसते, तिची मुलगी असते. बाई गेलेल्या असतात. असं ठरलं होतं.

केवडा
चिंगी, बाई गेलेल्या असतात हे कुणीतरी सुचवलं होतं, पण ते ठरलं नव्हतं ना? मला आठवतंय त्याप्रमाणे सुर्वे डबा देतच नाहीत, स्वतःच्या घरी ठेवतात.

चिंगी
नाही, नाही. ते तू सुरुवातीला म्हणालीस, मग तुला आमचं पटलं.

नदीकाठ
यावर भांडू नका. दोघीही खरं सांगत असाल. मी बरीच वर्षं मालिकांचे भाग लिहिले. तिथे चर्चेत एक माणूस असतो आणि प्रत्यक्ष भाग दुसराच लिहितो, त्यामुळे हे रोजचं असायचं. आमच्याकडे एक साधा नियम होता: बोलणं बांधील नाही, पान बांधील. कागदावर उतरलेलं तेच पुढच्याला पाळावं लागतं. बाकी सगळं सुचलेलं. सुचलेलं कुणाला कसंही आठवू शकतं.

तेव्हा ताई, परवा काय ठरलं ते आठवत बसू नका. तुमच्याकडे लिहिलेले दोन परिच्छेद आहेत म्हणालात. त्यातल्या दुसऱ्याची शेवटची चार-पाच वाक्यं जशीच्या तशी इथे टाका. सारांश नको, वाक्यंच हवीत. सोबत दोनच गोष्टी सांगा: या क्षणी सुर्व्यांना काय माहीत आहे, आणि वाचकाला काय माहीत आहे.

केवडा
टाकते. साल १९९४, चिपळूण-कराड गाडी, कुंभार्ली घाटातून.

"पाटणला गाडी अर्धी रिकामी झाली. घंटी दोनदा वाजवून सुर्वे खाली उतरले, पाय मोकळे केले. परत चढताना त्यांना शेवटून दुसऱ्या बाकाखाली पितळी डबा दिसला. पोफळीला चढलेल्या हिरव्या लुगड्यातल्या बाईंचा. त्यांनी तो उचलला, कानाशी धरून हळूच हलवला. आत जेवण नव्हतं."

सुर्व्यांना माहीत आहे: बाई पोफळीला चढल्या आणि पाटणला उतरल्या. डब्यात जेवण नाही. वाचकालाही तेवढंच. आत काय आहे ते मला माहीत आहे, पण अजून लिहिलेलं नाही.

नदीकाठ
आता मदत करता येईल. बघा, या सहा वाक्यांतच किती ठरून गेलंय. गोष्ट "सुर्वे उतरले" अशी आहे, म्हणजे तृतीयपुरुषी आणि भूतकाळी. पण कॅमेरा सुर्व्यांच्या खांद्यावर आहे, बाईंच्या मनात आपण शिरत नाही. "सुर्वे" अनेकवचनी आदरार्थी आहेत. पुढे कुणी "सुर्वे म्हणतो" किंवा "मी उठलो" लिहिलं की वाचक ठेचकाळतो. दुसऱ्याने पुढे लिहिलेला भाग बिघडतो तो बहुतेक इथेच, घटनेत नाही. पारखायची सोपी युक्ती म्हणजे तुमची शेवटची तीन वाक्यं आणि नवी पहिली तीन एकापाठोपाठ मोठ्याने वाचायची. आवाज बदलला तर कानाला लगेच कळतं.

दुसरं म्हणजे "आत जेवण नव्हतं" हे वाक्य वाचकाला दिलेला शब्द आहे. पुढच्या पानात डबा उघडला नाही तरी चालेल, पण सुर्व्यांनी तो विसरून चालणार नाही. चिंगीच्या शेवटाला माझी हरकत इथेच आहे. बाई गेल्या की डब्याचं ओझं हलकं होतं, सुर्व्यांना काही ठरवावंच लागत नाही. पण हे माझं मत, गोष्ट तुमची.

सह्यगिरी५६
मी एसटीत २९ वर्षं वाहक होतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. राग मानू नये.

एक, घंटी दोनदा म्हणजे गाडी सोडा. एकदा म्हणजे थांबवा. तुमच्या सुर्व्यांनी दोनदा घंटी दिली आणि खाली उतरले, तर चालक गाडी घेऊन निघून जाईल आणि सुर्वे पाटणलाच राहतील.

दुसरं, वेबिलात प्रवाशाचं नाव कधीच नसतं. त्या काळी आमच्याकडे छापील तिकिटांचे गठ्ठे असत, वेगवेगळ्या किमतीचे. प्रत्येक टप्प्याला कोणत्या किमतीचं तिकीट कोणत्या नंबरपर्यंत गेलं ते वेबिलावर लिहायचं. त्यावरून पोफळीनंतर किती तिकिटं फाटली ते कळतं, कुणाला दिली ते नाही. तेही सरळ नाही, कारण एका भाड्याला कधी कधी दोन तिकिटं जोडून द्यावी लागत. तेव्हा तिकिटं दोन फाटली म्हणून माणसं दोन चढली असं नाही. आणि सापडलेली वस्तू आगारात जमा करायची असते. सुर्वे डबा घरी नेत असतील तर तो नियम त्यांना माहीत होता आणि त्यांनी मोडला.

केवडा
काका, घंटीचं तुम्ही सांगितलं नसतं तर छापून आलं असतं. माझ्या मनात आवाज होता, अर्थ माहीत नव्हता.

वेबिलाचं वाचून मी बराच वेळ थांबले. नाव सापडत नाही म्हटल्यावर चिंगीने सांगितलेला रस्ताच बंद झाला. पण तुम्ही म्हणता ते दोन तिकिटांचं... सुर्वे रात्री हिशोब करताना पोफळीच्या ओळीवर थांबतील का? त्यांना आठवत असेल की त्या बाईंनी दोन माणसांचं भाडं दिलं होतं आणि चढल्या एकट्याच?

सह्यगिरी५६
हे होऊ शकतं. दोन पूर्ण तिकिटं मागून एकट्याने बसणारा माणूस वाहकाच्या लक्षात राहतो. मी विचारलं असतं, दुसरं कुणाचं म्हणून.

नदीकाठ
ताई, हे परवाच्या बोलण्यात होतं का?

केवडा
नाही. परवा कुणीच म्हणालं नव्हतं.

चिंगी
पण मग बाईंचं पुढे काय होतं? मला अजूनही वाटतं त्या गेलेल्याच असाव्यात. दुसरं तिकीट म्हणजे तर त्यांनी कुणाची तरी जागा धरली होती असं झालं, मग ते आणखी जुळतं.

केवडा
जुळतं, हो. पण मला त्या जिवंत हव्या आहेत. आत्ता कारण सांगता येत नाही. जेवढं लिहिलं ते टाकते, यापुढे गप्पांच्या पानावर नाही, इथेच:

"पाटणला गाडी अर्धी रिकामी झाली. घंटी एकदा वाजवून सुर्व्यांनी गाडी थांबवली होती, आता दोनदा वाजवायला हात दोरीकडे गेला आणि तिथेच राहिला. शेवटून दुसऱ्या बाकाखाली पितळी डबा होता. पोफळीला दोन तिकिटं घेऊन एकट्याच चढलेल्या बाईंचा."

काका, दुसऱ्या तिकिटाबद्दल विचारलं आणि बाईंनी उत्तर दिलं नाही, तर वाहक काय करेल?

सह्यगिरी५६
चिमटा मारून तिकिटं हातात देईल आणि पुढच्या बाकाकडे जाईल. गाडी भरलेली असते. उद्या त्या वेळचे पोफळी-पाटण भाडे जुन्या वहीत मिळते का बघतो, तोपर्यंत आकडा लिहू नका.

आजोळ
केवडा, डब्यात काय आहे ते सांगू नकोस. पण सुर्वे डबा उघडतात की नाही, एवढं तरी ठरलंय का?

केवडा
नाही ठरलं.