सल्ला हवा : फ्लॅट ३८ लाखांना घेतला, सरकारी भाव ४६.५० लाख, आता इन्कम टॅक्सची नोटीस. डीव्हीओकडे, म्हणजे इन्कम टॅक्सच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे, पाठवा म्हणून अर्ज कसा करायचा?

पाथर्डीफाटा
नाशिकला नंदिनी नदीजवळच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्ट नाही, पार्किंग नाही. विसार पावती २४ मार्च २०२२ ची, त्यात ३८ लाख ही किंमत लिहिली आहे आणि १ लाखाचा चेकही त्याच दिवशी दिला. खरेदीखत १८ एप्रिल २०२२ ला झालं. रेडी रेकनरनं ४६.५० लाख धरले आणि स्टॅम्प ड्युटी त्यावरच भरली. आता कलम ५६(२)(एक्स) खाली ८.५० लाख तुमचं उत्पन्न का धरू नये, अशी नोटीस आली आहे. उत्तराला १२ दिवस आहेत. सीए म्हणतात, भरून टाका. खर्च फार करायचा नाही, पाच हजारांच्या आत बसवायचं आहे. आधी कुणी असा अर्ज केला आहे का?

सातपूर_एमआयडीसी
भाऊ, १० टक्क्यांची सवलत आहे की! ३८ चे १० टक्के ३.८० लाख. ८.५० मधून ते वजा करा, उरले ४.७० लाख. तेवढ्यावरच टॅक्स.

जुना_दस्तवाला
नाही, वजा होत नाही. १० टक्के ही फक्त चौकट आहे. फरक ३.८० लाखांच्या आत असेल तर काहीच धरत नाहीत, त्यापुढे गेला तर सगळा फरक धरतात. म्हणून पाथर्डीफाटा, तुमच्यासाठी एकच आकडा महत्त्वाचा : ३८ अधिक ३.८०, म्हणजे ४१.८०. डीव्हीओनं किंमत ४१.८० लाख किंवा कमी ठरवली तर तुमच्या उत्पन्नात काहीच धरणार नाहीत. ४२ लाख ठरवली तर ४ लाख उत्पन्नात धरणार.

गंगापूररोड_काका
हे ५०सी चं प्रकरण आहे, विकणाऱ्याला भरावा लागतो. तुम्ही का घाबरता? माझ्या प्लॉटच्या वेळी माझ्यावरच आला होता.

जुना_दस्तवाला
काका, तुम्ही विकणारे होतात म्हणून ५०सी. घेणाऱ्यासाठी ५६(२)(एक्स) वेगळं आहे. दोघांवरही येऊ शकतं. डीव्हीओकडे पाठवण्याची तरतूद मात्र ५६ मध्ये ५०सी वरूनच घेतली आहे, म्हणून नियम सारखेच.

कॉलेजरोडवाली
मी सांगते, आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करा. मूल्यांकनच खाली आलं की इन्कम टॅक्सवाल्यांना काय उरतं?

जुना_दस्तवाला
ताई, हे आता करू नका. सरकारी मूल्याला अपील किंवा रिव्हिजनमध्ये आव्हान दिलेलं नसावं, अशी डीव्हीओकडे जायची अट आहे. तिकडे गेलात तर हा दरवाजा बंद. अभिनिर्णय, म्हणजे मुद्रांक किती लागतो याचा आधीच सरकारी निर्णय, मागायचा तर दस्त नोंदवायच्या आधी मागायचा असतो, आता ती वेळ गेली.

अर्ज असा. पोर्टलवर ई-प्रोसिडिंग्जमध्ये त्या नोटिशीच्या उत्तरातच लिहा : मुद्रांकासाठी धरलेलं ४६.५० लाख मूल्य मला मान्य नाही, ते बाजारभावापेक्षा जास्त आहे, या मूल्याविरुद्ध कुठेही अपील केलेलं नाही, म्हणून प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवावं. "मान्य नाही" हे शब्द हवेतच. नुसतं "किंमत योग्य होती" लिहिलं तर अधिकारी म्हणतो, मागणीच केली नव्हती. मागणी नसली तरी अधिकाऱ्यानं पाठवायला हवं होतं, असं कोलकाता उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ५०सी च्या प्रकरणात म्हटलं आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. पहिल्याच उत्तरात लिहा. ऑर्डरची मुदत जवळ आली की कुणी पाठवत नाही.

सातपूर_एमआयडीसी
पण डीव्हीओनं ५० लाख लावले तर?

जुना_दस्तवाला
तरी ४६.५० च धरतात, वर जाता येत नाही. म्हणजे नुकसान नाही. कमी लावली तर अधिकाऱ्याला ती धरावीच लागते. डीव्हीओला फी द्यायची नाही. तो कागद मागवतो, जागा बघतो, आधी कच्चा आकडा कळवतो. त्यावर लेखी हरकत घ्यायची संधी असते. बहुतेक लोक तिथेच गप्प बसतात.

द्वारका_चौक
मी तर म्हणतो नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या. दहा-बारा हजार लागतील, पण चांगला रिपोर्ट लावला की अधिकारी तोच मान्य करतो.

जुना_दस्तवाला
अर्धं बरोबर. तो अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. डीव्हीओ स्वतःचंच मूल्यांकन करतो, त्यामुळे त्याला रिपोर्टपेक्षा शेजारचे व्यवहार जास्त पटतात. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीचे, नाहीतर शेजारच्या सोसायटीचे २०२१-२२ चे दस्त शोधा. सूची क्रमांक २ या दस्ताच्या उताऱ्यात मोबदला आणि बाजारभाव, म्हणजे सरकारी मूल्य, दोन्ही छापलेले असतात. तीन-चार दस्तांत मोबदला या सरकारी मूल्यापेक्षा खाली असेल तर तुमचाच एक सौदा स्वस्त नव्हता हे दिसतं. रोखीची शंकाही त्यानं कमी होते.

आणि तुमची खरी बाजू नदीची आहे. फ्लॅट निळ्या पूररेषेत येतो का? महापालिकेच्या पूररेषेच्या नकाशावर सर्व्हे नंबर शोधून बघा. रेडी रेकनरचा दर विभागाप्रमाणे ठरतो, त्यात नदीकाठची इमारत आणि रस्त्यापलीकडची इमारत एकाच दरात बसू शकतात. निळ्या रेषेत पुनर्विकासाला अडचण येते, त्यामुळे जुन्या इमारतीच्या जमिनीच्या हिश्शाची किंमत घसरते. हे डीव्हीओला लिहून द्या.

कॉलेजरोडवाली
बरं. पण तारखेचं काय? १ एप्रिल २०२२ ला दर वाढले ना?

जुना_दस्तवाला
हो, ते मीच आधी सांगायला हवं होतं. किंमत करारात ठरलेली असेल आणि करारापूर्वी किंवा त्याच दिवशी काही रक्कम चेकनं दिली असेल तर कराराच्या दिवसाचं सरकारी मूल्य धरता येतं. विसार पावतीत किंमत आहे, चेक त्याच दिवसाचा आहे. बँक स्टेटमेंट लावा. मार्च २०२२ चा दर काढून बघा.

पाथर्डीफाटा
काढला. ४३.६० लाख येतात. म्हणजे फरक ५.६० लाख, तरी चौकटीबाहेरच. हा मुद्दा पर्यायी म्हणून लिहीन. बँकेच्या फाइलमध्ये २०२२ चा व्हॅल्युएशन रिपोर्टही सापडला, त्यात ४२.५० लाख आहेत.

द्वारका_चौक
मस्त! लावून टाका!

जुना_दस्तवाला
थांबा. ४२.५० म्हणजे ४१.८० च्या वर. तो स्वतःहून लावला तर ४.५० लाख उत्पन्न कबूल केल्यासारखं होईल. पूररेषेचा उल्लेख त्यात आहे का, तेवढं बघा. मागितला तर मात्र लपवू नका.

गंगापूररोड_काका
टॅक्स भरलाच तर सरकारी मूल्य तुमची खरेदी किंमत धरतात, विकताना फायदा मिळतो. आणि हो, ५० लाखांवरची टीडीएस कापली होती का?

सातपूर_एमआयडीसी
काका, ४६.५० म्हणजे ५० च्या खाली. तो विषयच नाही इथे.

पाथर्डीफाटा
सगळ्यांचे आभार. व्हॅल्युअर घेत नाही, माझ्या बजेटच्या दुप्पट खर्च होतो. चार सूची २, पूररेषेचा नकाशा, जिन्याचे फोटो आणि विसार पावती लावून अर्ज उद्या टाकतो. बँकेच्या रिपोर्टात नदीचा शब्दही नाही, तो आत्ता लावत नाही. सीएंना न पटलं तरी. एकच राहिलं : दस्तात बायकोचंही नाव आहे, पैसे सगळे माझे. १० टक्क्यांचं गणित दोघांचं मिळून की प्रत्येकी?

कॉलेजरोडवाली
प्रत्येकी. माझ्या मते.

जुना_दस्तवाला
दोन्ही बाजूंनी वाद होतो यावर. नोटीस फक्त तुमच्या नावे आहे की दोघांच्या, ते आधी सांगा.