शब्दचर्चा : 'फिल्त्रादा' म्हणजे गाळलेला की गळलेला?

वसुधा_वालेन्सिया
नोकरीनिमित्त वालेन्सियात येऊन चार महिने झाले. ऑफिसच्या लॅपटॉपवर पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, पण सगळं स्पॅनिशमध्ये आणि भाषा बदलायची मुभा आम्हाला नाही. त्यात एका रकान्याचं नाव आहे `Contraseñas filtradas` आणि त्यापुढे 3 हा आकडा. मला वाटलं, मी कधीतरी फिल्टर लावला असेल आणि त्यातून गाळून आलेले तीन पासवर्ड दिसत असतील. दोन आठवडे तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काल शेजारी बसणारी सहकारी माझी स्क्रीन बघून ओरडली, "अगं, हे बदल आधी!" आता गंमत अशी की त्याच यादीच्या वर `Filtrar` असं बटणही आहे. ते दाबलं तर उरलेले पासवर्डही बाहेर जातील की काय, या भीतीने मी त्याला हात लावत नाहीये. कुणी नीट उलगडून सांगेल का?

नाना_सांगलीकर
अगं बाई, पेपर फुटतो तसा पासवर्ड फुटलाय, एवढंच. माझ्या फोनवरही तसलं काहीतरी येतं. मी सरळ पुसून टाकतो.

किरण_वि
फिल्त्रार म्हणजे फिल्टर करणे, एवढं बरोबर. पण सिक्युरिटीत त्याचा अर्थ हॅक होणे. म्हणजे तुमची तिन्ही खाती हॅक झाली आहेत. लगेच बँकेला फोन करा.

अदिती_पुणे
किरण, थांबा जरा. घाबरवू नका त्यांना.

वसुधाताई, मी स्पॅनिश शिकवते आणि दर वर्षी हा शब्द फळ्यावर येतो. मराठीवाल्यांना तो सगळ्यात लवकर कळतो, कारण आपल्याकडे हीच जोडी आहे. चहा आपण *गाळतो* आणि नळ *गळतो*. धातू एकाच घरातले. एकात हवं ते बाजूला काढणारा माणूस आहे, दुसऱ्यात नको ते आपोआप बाहेर झिरपतंय. स्पॅनिशमध्ये फिल्त्रार म्हणजे गाळणे आणि फिल्त्रार्से म्हणजे झिरपणे, गळणे. `Se ha filtrado tu contraseña` मधला तो सुरुवातीचा छोटा `se` बघा. तो आला की पासवर्ड गळला.

पण हे साम्य शेवटपर्यंत टिकत नाही. कुणीतरी मुद्दाम गुप्त माहिती वर्तमानपत्राला पुरवली, तरी स्पॅनिशमध्ये 'फिल्त्रो' असंच म्हणतात, तिथे `se` लागत नाही. आपण त्याला 'गाळली' म्हणणार नाही, 'फोडली' म्हणू. त्यामुळे 'फिल्त्रादा' हे रूप एकटं समोर आलं की ते गाळलेलंही असू शकतं आणि फुटलेलंही. संदर्भच सांगणार. तुमच्या रकान्याच्या शेजारी दुर्बळ (`débiles`) आणि पुन्हा वापरलेले (`reutilizadas`) असे रकाने असतील, तर ही तक्रारींची यादी आहे. वरचं `Filtrar` बटण मात्र साधी गाळणी आहे, बिनधास्त दाबा.

नाना, तुमचा 'फुटणे' मला सगळ्यात आवडला. पण पुसून टाकू नका हो!

वसुधा_वालेन्सिया
हो, ते दोन्ही रकाने आहेत! दुर्बळ 11. लाज वाटली. पण मग किरण म्हणतात तसं खाती हॅक झालीत का? तीन नोंदींवर दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. एकीवर: `Este sitio sufrió una filtración de datos.` उरलेल्या दोघींवर: `Esta contraseña aparece en una filtración conocida.`

सुहास_ठाणे
माझं काम याच क्षेत्रातलं, स्पॅनिश मात्र शून्य. पण अदितीताईंनी अर्थ सांगितला तर बाकीचं मी सांगतो.

अदिती_पुणे
पहिलं: 'या साइटवरून माहिती फुटली', शब्दशः साइटने ते सोसलं. दुसरं: 'हा पासवर्ड एका माहीत असलेल्या फुटीत सापडतो'. कर्ता बदललाय, तिकडे लक्ष द्या.

सुहास_ठाणे
मग सगळा फरक त्या कर्त्यातच आहे.

पहिल्या इशाऱ्यात दुकान फुटलंय. तुमचं तिथे खातं होतं, त्यामुळे तुमचा माल गेला असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या इशाऱ्यात तुमच्या खात्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही. जगात कुठेतरी, कुणाच्या तरी खात्यावर, हीच अक्षरं पासवर्ड म्हणून वापरली होती आणि ती फुटलेल्या यादीत आहेत, एवढंच त्याचं म्हणणं. कदाचित तो माणूस तुम्ही नसालही. पण चोर अशाच याद्या घेऊन दारोदार फिरतात, म्हणून बदलायचाच.

लोक लगेच विचारतात, "म्हणजे यांनी माझा पासवर्ड कुणाला पाठवून तपासला का?" सगळीकडे एकच पद्धत नाही, पण 2018 पासून रूढ झालेली एक पद्धत सांगतो. पासवर्डपासून तुमच्याच यंत्रावर 40 अक्षरांचा एक ठसा तयार होतो. `password` याच शब्दाचा घेतला तर तो `5BAA6` पासून सुरू होतो. सर्व्हरला फक्त ही पहिली 5 अक्षरं जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या फुटक्या ठशांची शेकडोंची यादी परत येते आणि आपला उरलेला ठसा त्यात आहे का, हे तुमच्या लॅपटॉपवरच पाहिलं जातं. सर्व्हरला पूर्ण ठसा कळतच नाही. याची मर्यादा उघड आहे. आज यादीत नाही म्हणजे फुटलेला नाही, असं नव्हे. फुटलेला पण अजून कुणाच्या हाती न लागलेला माल यादीत नसतो.

किरण_वि
ओके, मान्य. पण मग माझ्या ऑफिसच्या भाषांतरात `comprometida` साठी 'तडजोड झालेला पासवर्ड' लिहिलंय, ते तरी बरोबर ना?

अदिती_पुणे
अरे देवा. कोम्प्रोमेतीदा म्हणजे धोक्यात आलेली, अडचणीत सापडलेली. तडजोडीचा काही संबंध नाही, हा घोळ इंग्रजीतून मराठीत येताना झालाय. स्पॅनिशमध्ये तर 'कोम्प्रोमिसो' म्हणजे दिलेला शब्द, बांधिलकी. एखादी मुलगी कोम्प्रोमेतीदा आहे म्हटलं तर तिचा साखरपुडा झालाय. पासवर्डचा साखरपुडा नको करूस.

आणि `brecha` दिसला तर तो ब्रेचा, म्हणजे खिंडार, तटाला पडतं ते. स्पेनमधली माहिती-संरक्षण संस्थाही 'ब्रेचा' म्हणते. युरोपच्या कायद्याच्या स्पॅनिश मजकुरात मात्र 'व्हियोलासियोन' आहे, आणि असं काही लक्षात आलं की शक्यतो 72 तासांत कळवायचं बंधन. माझ्या मते ब्रेचा म्हणजे भिंत पडली आणि फिल्त्रासियोन म्हणजे आतलं बाहेर आलं. खिंडार पडूनही काही न गळणं शक्य आहे. बातम्यांत अर्थात दोन्ही सरमिसळ वापरतात.

म्हापशेकर
गोव्यातून दोन पैसे. आपोआप भरण्याला तिथे काय म्हणतात? ऑटोर्रेयेनार असेल तर मला हसू येतं, कारण 'रेयेनार' म्हणजे मसाला वगैरे आत भरणे. आमचं रेशाद पोर्तुगीज 'रेशेआदु'वरून आलं, भरलेलं या अर्थी. दोन्ही शब्दांच्या पोटात लॅटिन 'प्लेनुस', भरलेला. तोच स्पॅनिशमध्ये येनो झाला आणि पोर्तुगीजमध्ये शेयु.

नाना_सांगलीकर
म्हणजे भरलं वांगं.

अदिती_पुणे
नाना, अगदी तेच! आपणही फॉर्म 'भरतो' आणि वांगंही 'भरतो'. स्पेनमध्ये फॉर्म रेयेनार करतात, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नुसतं येनार. आणि दोन `r` घालून `autorrellenar` लिहायचं, एक लिहिला तर कडक उच्चार जातो. सॉफ्टवेअरमध्ये एकाच `r` ची चूक सर्रास दिसते.

`Autocompletar` खरं तर वेगळं. तुम्ही दोन अक्षरं लिहिता आणि ते पुढचं सुचवतं. पण अँड्रॉइडच्या स्पॅनिशमध्ये पासवर्ड भरण्याच्या सोयीलाही हाच शब्द आहे, त्यामुळे हा भेद मी विद्यार्थ्यांना सांगते आणि पडद्यावर तो पाळला जात नाही हेही सांगते.

वसुधा_वालेन्सिया
त्यावरून आठवलं. परवा विजेच्या बिलाच्या ईमेलमधल्या दुव्यावरून गेले, तर ते भरेचना. `No hay inicios de sesión para este sitio.` मी वैतागून तिजोरीतून पासवर्ड कॉपी करणार होते.

अदिती_पुणे
'या साइटसाठी लॉगिन नाही' असं म्हणतंय. इनिसियो दे सेसियोन म्हणजे सत्राची सुरुवात, आपण लॉगिन म्हणतो ते.

सुहास_ठाणे
कॉपी केलंत का?? ते भरत नाही तेव्हा आधी वरचा पत्ता वाचा. सॉफ्टवेअर पानाचं रंगरूप बघत नाही, जतन केलेला पत्ता आणि आत्ताचा पत्ता जुळतात का एवढंच बघतं. तुमच्या डोळ्यांना सारखंच दिसणारं खोटं पान त्याला परकं वाटतं. कधी कधी कारण निरुपद्रवी असतं. कंपनीने लॉगिनचं पान दुसऱ्या पत्त्यावर हलवलेलं असतं. पण हे ठरवायला ईमेलचा दुवा सोडून बिलावरचा पत्ता स्वतः टाइप करून जा.

वसुधा_वालेन्सिया
नाही केलं, तेवढ्यात मीटिंग लागली! आता बघितलं, पत्त्यात कंपनीच्या नावापुढे काहीतरी जास्तीचा शब्द आहे. खरं की खोटं अजून कळलं नाही, आयटीला पाठवलंय.

शेवटचं एक. `Introduce tu contraseña maestra` दर तासाला विचारतं. पहिल्या दिवशी मी 'ओळख करून द्या' असं वाचलं होतं :)

अदिती_पुणे
इंत्रोदुसे म्हणजे आत घाल, टाक. मेक्सिकोवाल्यांचं असतं तर बहुधा `Ingresa` दिसलं असतं. काँत्रासेन्या म्हणजे पहारेकऱ्याच्या खुणेला द्यायची उलट खूण. ती स्त्रीलिंगी, म्हणून माएस्त्रा. शाळेतल्या बाईही माएस्त्रा आणि सगळी कुलुपं उघडणारी किल्ली 'याबे माएस्त्रा'. घराची भार पेलणारी भिंतही माएस्त्राच, मला पासवर्डसाठी तोच अर्थ जास्त पटतो. फायरफॉक्सने 2020 मध्ये 'मास्टर' हा शब्द सोडला, तेव्हापासून तिथे `contraseña principal` दिसतं.

म्हापशेकर
याबे म्हणजे आपली चावीच! लॅटिन 'क्लाविस'. पोर्तुगीजमध्ये त्याची शाव्ह झाली, जुना उच्चार 'च'चा, तीच आपली चावी. स्पॅनिशमध्ये याबे. आणि माएस्त्राचा भाऊ 'मेश्त्री', म्हणजे आपला मेस्त्री. थोडक्यात मेस्त्रीची चावी.

सुहास_ठाणे
दर तासाला विचारणं ही कुलूप लागण्याची वेळ असेल, ऑफिसने ठरवलेली. त्यात वावगं काही नाही. फक्त हा प्रश्न ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या चिन्हातून उघडणाऱ्या चौकटीत किंवा अॅपमध्येच यायला हवा. एखाद्या दुकानाच्या पानाच्या मध्येच कुणी माएस्त्रा मागितली तर पान बंद करा. आणि त्याखाली 'इशारा' लिहायला जागा असेल, तिथे पासवर्डच लिहू नका. तो अनेक ठिकाणी साध्या ईमेलने पाठवला जातो.

अदिती_पुणे
तिथे `Pista` असेल. पिस्ता म्हणजे माग, कुत्रा काढतो तो. धावपट्टीही पिस्ताच.

नाना_सांगलीकर
मी तिथे पूर्ण पासवर्डच लिहिलाय. विसरायला होतं हो.

सुहास_ठाणे
नाना, आज संध्याकाळी फोन करतो तुम्हाला.

किरण_वि
मग मराठीत त्या रकान्याचं नाव काय ठेवायचं? 'गळलेले पासवर्ड' म्हटलं तर यादीतून गळाले असं वाटतं. 'फुटलेले' म्हटलं तर आमचे साहेब म्हणतात बोली वाटतं.

वसुधा_वालेन्सिया
'फुटलेले'च ठेवा, मी तरी दोन आठवडे थांबले नसते. तीनपैकी दोन बदलले. तिसरं खातं ज्या साइटचं आहे, ती साइटच आता उघडत नाहीये.