P⁻¹ काढून दाखवायलाच हवा का?

सेमिस्टर_तीन: असाइनमेंटमध्ये ही मॅट्रिक्स कर्णरूप करायची होती:

```
A = 2 1 1
    1 2 1
    1 1 2
```

आयगनव्हॅल्यू 4, 1, 1 आल्या. P आणि D लिहून AP = PD दाखवलं आणि थांबलो. P⁻¹ काढला नाही म्हणून दोन गुण गेले. हे बरोबर आहे का?

खडूफळा: माझ्या मते P⁻¹ची गरज नाही, पण det P शून्य नाही हे लिहायलाच हवं. P च्या तिन्ही स्तंभांत (1,1,1) आणि D मध्ये 4, 4, 4 ठेवलं तरी AP = PD खरंच ठरतं! तुमच्या गणितात 1 साठी A − I च्या तिन्ही ओळी सारख्या होतात आणि x + y + z = 0 एवढंच उरतं. त्यातून दोन स्वतंत्र व्हेक्टर मिळतात: (1,−1,0) आणि (1,0,−1). 4 साठी (1,1,1). हा पहिला स्तंभ धरला तर det P = 3. उत्तर इथे पूर्ण होतं.

परीक्षा_जवळ: पण 1 दोनदा आलीय ना? मग कर्णरूप होतच नाही. आम्हाला वर्गात हे उदाहरण दिलं होतं:

```
1 1
0 1
```

खडूफळा: त्या उदाहरणात 1 दोनदा येते, पण व्हेक्टर एकाच दिशेचा मिळतो, म्हणून अडतं. इथे दोन मिळाले. आयगनव्हॅल्यू किती वेळा आली आणि तिचे स्वतंत्र व्हेक्टर किती, हे दोन्ही आकडे शेजारी लिहा.

निवृत्त_अभियंता: एवढा खटाटोप कशाला? कंपनांच्या गणितात आम्ही सिमेट्रिक मॅट्रिक्सला थेट P⁻¹ = Pᵀ घ्यायचो.

खडूफळा: ते स्तंभ परस्परांना लंब आणि एकक लांबीचे केल्यावरच चालतं. इथे (1,−1,0) आणि (1,0,−1) यांचा डॉट गुणाकार 1 येतो. दुसऱ्याऐवजी (1,1,−2) घेऊन प्रत्येक स्तंभाला त्याच्या लांबीने भागलं, तर तुमचं म्हणणं लागू होईल.

निवृत्त_अभियंता: खरंय, आमच्याकडे व्हेक्टर आधीच तसे करून मिळायचे.

वह्या_तपासणारी: मी मात्र P⁻¹ मागते. मुलं P मध्ये (1,1,1) आधी घेतात आणि D मध्ये 1, 4, 1 लिहितात. P⁻¹AP गुणलं की क्रमाची चूक उघडी पडते.

खडूफळा: AP चा पहिला स्तंभ (4,4,4) येतो, चूक तिथेच दिसते. उलट हाताने 3×3 चा व्यस्त काढताना चिन्हं चुकतात आणि बरोबर P असूनही गुण जातात.

वह्या_तपासणारी: चिन्हं सांभाळता येणं हाही असाइनमेंटचा भाग आहे. प्रश्न नेमका काय होता?

सेमिस्टर_तीन: "P⁻¹AP कर्णरूप होईल असा P काढा." आणि det P मी लिहिला नव्हता.

वह्या_तपासणारी: मग एक गुण मीही कापला असता. दुसरा नाही.

खडूफळा: एकावर माझीही हरकत नाही, पण तो det P साठी, P⁻¹ साठी नव्हे.