मदत हवी आहे: डीमॅटचा मेंटेनन्स चार्ज चुकीचा कापला, वापस कसा मागू?

राजेहो, बाबांच्या नावावर एकच डीमॅट आहे, आत दीडेक लाखाचे शेअर, तरी ब्रोकरनं लेजरमधून मेंटेनन्सचे ३०० अन् त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४ असे ३५४ कापले. सप्टेंबर २०२४ पासून बेसिक डीमॅटले ४ लाखापर्यंत हा चार्ज शून्य आहे ना, मग काहून? कस्टमर केअरवाला म्हणते खातं रेग्युलरमध्ये आहे, पण त्यासाठी बाबांची संमती लागते अन् ती त्यांनी कधी दिलीच नाही. दरपत्रक मागितलं तर लिंक देते, त्यात हेच सोडून सगळं! आता तक्रारीच्या ईमेलवर लेजर जोडून रिफंड अन् दरपत्रक दोन्ही लेखी मागतो, उत्तर नाही आलं तर सेबीच्या स्कोअर्सवर टाकतो. ईमेलमधी अजून काय लिहू? कोणाले असे पैसे वापस भेटले का?