मदत हवी आहे: विहिरीचा निकाल मालकाला सांगायचा की पाणी पिणाऱ्यांनाही?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर आम्ही पावसाळ्यानंतर 22 विहिरींचं पाणी तपासलं. आधी पंचांना भेटलो, वाड्यावर बैठक घेतली, मग प्रत्येक विहीरमालकाची लेखी संमती घेतली. फॉर्म मराठीत होता, पण समजावलं कोंकणीतून. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की निकाल फक्त मालकालाच कळवू, नाव कुठे येणार नाही.

पाच विहिरींत ई. कोलाय सापडला. पिण्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे तो मुळीच नसावा. पाचही मालकांना घरी जाऊन निकाल दिला आणि पाणी उकळून प्यायला सांगितलं. तिघांनी लगेच उपसा करून क्लोरीन टाकलं.

उरलेल्या दोन विहिरींवर शेजारची सात-आठ घरंही पाणी भरतात. त्यांची संमती आम्ही घेतलीच नव्हती, ही चूक आमचीच. एक मालक म्हणतो, शेजाऱ्यांना सांगू नका, शोषखड्ड्यावरून आधीच भांडण आहे. आता पंच ग्रामसभेत यादी वाचायला सांगतात. नावं गाळून ‘22 पैकी 5’ एवढंच सांगितलं तरी वाड्यावर विहीर ओळखायला कितीसा वेळ लागतो!

आमच्या नैतिकता समितीला कळवलंय, पण पुढची बैठक महिन्याभराने आहे. तोवर थांबणं मला पटत नाही. पुन्हा तपासणी शक्य आहे, पैसे मात्र दोनच नमुन्यांपुरते आहेत.

अशा वेळी मालकाला दिलेला शब्द न मोडता शेजारच्या घरांना सावध कसं करायचं? आणि पुढच्या वेळी संमतीपत्रात नेमकं काय लिहावं?